लग्नाच्या तयारीत जोडीदार घाबरला असेल तर: धीर देणारा मेसेज कसा लिहावा?

साखरपुडा झालेला असतो, मुहूर्त ठरलेला असतो, कार्यालयाला आगाऊ रक्कम दिलेली असते. आणि लग्नाला महिना-दीड महिना उरलेला असताना एका रात्री होणाऱ्या नवऱ्याचा किंवा बायकोचा मेसेज येतो, "आपल्याला हे सगळं झेपेल ना?" अशा वेळी काय उत्तर द्यावे, हे बहुतेकांना सुचत नाही. कोणी "टेन्शन घेऊ नकोस" एवढेच लिहितो, कोणी रागावतो, तर कोणी सकाळी बघू म्हणून फोन बाजूला ठेवतो.

पुनावळे, ताथवडे, रावेत, वाकड या भागात अशी बरीच तरुण जोडपी राहतात. एक जण हिंजवडीला आयटीत, दुसरा चाकणला पाळीत, नव्या फ्लॅटचा हप्ता सुरू झालेला आणि आई-वडील गावाकडे. लग्नाची तयारी म्हणजे फोनवर चालणारी दुसरी नोकरीच. झोप न येणे, छातीत धडधड, पोट बिघडणे, डोके दुखणे अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्यांशी थोडे बोलले, की पुष्कळदा त्यामागे लग्नाची तारीख निघते.

घाबरलेल्या जोडीदाराला थोडे थांबायला आणि पुन्हा जवळ यायला सुचवणारा मेसेज कसा लिहावा, तो का उपयोगी पडतो, कुठे फसतो आणि नुसत्या मेसेजवर न थांबता डॉक्टरांकडे कधी जावे, हे या लेखात पाहू.

घाबरलेल्या माणसाला समजावलेले का पटत नाही?

भीती वाटली की शरीर ॲड्रिनॅलिन सोडते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू ताठ होतात. समोर साप असो की कॅटररचे वाढीव बिल, शरीराचा प्रतिसाद जवळपास सारखाच असतो. या अवस्थेत मेंदू फक्त धोका शोधत असतो. साधे वाक्यही टोमणा वाटते आणि दुसऱ्याची बाजू ऐकू येत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांना वाद घालायला लावून त्या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. मिनिटाला ठोके साधारण 100 च्या वर गेले, की माणसाला समोरच्याचे म्हणणे नीट ऐकणेही कठीण जाते, असे त्यांना दिसले. म्हणून ते वाद चिघळला की किमान 20 मिनिटांची विश्रांती सुचवतात. ॲड्रिनॅलिनचा परिणाम ओसरायला साधारण तेवढा वेळ लागतो. विश्रांतीत मनातल्या मनात भांडण चालूच ठेवले, तर मात्र 20 मिनिटे काय, दोन तासही पुरत नाहीत.

हे घरीही तपासता येते. मनगटावर नाडी धरून 30 सेकंद मोजा आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करा. शांत बसलेले असताना ठोके 100 च्या वर असतील, तर ती वेळ पाहुण्यांच्या यादीवर निर्णय घेण्याची नाही.

रात्र ही गोष्ट आणखी अवघड करते. झोप कमी झालेल्या माणसाला धोका मोठा वाटतो आणि उपाय लहान वाटतात. त्यामुळे रात्री एक वाजता आलेल्या मेसेजला त्याच रात्री पूर्ण उत्तर देणे गरजेचे नसते. मेसेज पोहोचला, मी आहे, आणि आपण अमुक वेळी बोलू, एवढे कळवणे मात्र गरजेचे असते.

एक उदाहरण

पुढील उदाहरण अनेक जोडप्यांमध्ये दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून तयार केले आहे.

तो चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, ती हिंजवडीत नोकरी करते. पुनावळ्यात दोघांनी मिळून फ्लॅट घेतला आहे. लग्नाला सहा आठवडे आहेत. आधी 300 पाहुणे ठरले होते, पण त्याच्या काकांनी भावकीची यादी वाढवून आकडा 450 वर नेला. कार्यालयवाल्याने वाढलेल्या ताटांचे पैसे मागितले. फ्लॅटचा पहिला हप्ता याच महिन्यात कापला गेला आहे. तो सेकंड शिफ्ट संपवून रात्री साडेबाराला घरी येतो, जेवतो आणि मोबाइलवर खर्चाचा हिशोब करत बसतो. पंधरा दिवसांपासून त्याची झोप चार-साडेचार तासांवर आली आहे. कामावर जागे राहण्यासाठी तो दिवसाला सात-आठ कप चहा घेतो.

शुक्रवारी रात्री एक वाजता तो तिला लिहितो, "आपल्याला हे लग्न झेपेल ना? मला काही समजत नाहीये."

ती हे वाचते आणि तिच्या पोटात गोळा येतो. तिला वाटते, याला लग्नच नको आहे. म्हणून ती लिहिते, "आता हे विचारतोयस? पत्रिका वाटून झाल्यात." त्याला वाटते, हिला माझी काळजी नाही, पत्रिकांची आहे. तो उत्तर देत नाही. दोन निळ्या खुणा दिसतात आणि पुढे काहीच येत नाही. दोघेही पहाटेपर्यंत जागे राहतात.

इथे तो पैशांबद्दल विचारत होता आणि तिने ते नात्याबद्दल ऐकले. पुरुषांची चिंता पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ती चिडचिड, गप्प बसणे, सतत हिशोब करणे किंवा दारूचे प्रमाण वाढणे अशा रूपात दिसते. त्यामुळे "याला रस नाही" असा समज सहज होतो.

कोणते उत्तर उपयोगी पडत नाही?

"टेन्शन घेऊ नकोस, सगळं नीट होईल." हेतू चांगला असतो, पण घाबरलेल्या माणसाला यातून ऐकू येते की माझी भीती हिला खरी वाटत नाही. शिवाय सगळे नीट होईल, हे आपल्या हातात नसते, आणि हे त्यालाही ठाऊक असते.

"तूच असा घाबरलास तर मी कोणाकडे बघू?" यामुळे तो पुढच्या वेळी सांगणे बंद करतो.

"हे बघ, कार्यालयाचे इतके, कॅटररचे इतके, बाकी राहतात इतके..." हिशोब बरोबर असला, तरी रात्री एक वाजता तो डोक्यात शिरत नाही. उलट प्रत्येक आकड्यावर नवी शंका निघते.

"मला आता ब्रेक हवाय." हे वाक्य सर्वांत जास्त घोटाळा करते. लिहिणाऱ्याला आजच्या वादापासून ब्रेक हवा असतो आणि वाचणाऱ्याला तो नात्यापासूनचा ब्रेक वाटतो. थांबायचे कशापासून आणि कधीपर्यंत, हे लिहिले नाही, तर विश्रांती हीच नवी धास्ती होते.

चांगल्या मेसेजमध्ये काय असावे?

पाच गोष्टी पुरतात.

1. मी तुझी अवस्था पाहिली, हे सांगणे.
2. नाते जागेवर आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगणे.
3. कोणता विषय बंद ठेवायचा आणि कधीपर्यंत, हे सांगणे.
4. पुन्हा कधी आणि कुठे भेटायचे, हे वार आणि वेळेसह सांगणे.
5. तोवरचे एक काम स्वतःकडे घेणे.

वरच्या उदाहरणातील तिने असे लिहिता आले असते:

"तुझा मेसेज वाचला. एक वाजलाय आणि तू अजून जागा आहेस, म्हणजे डोक्यात फार काय काय चालू असणार. वाचून मला थोडं लागलं, खोटं नाही बोलणार. पण मी कुठेही जात नाहीये आणि मला तुझ्याशीच लग्न करायचंय. पैशांचं आत्ता बोललो तर आपण भांडू. म्हणून उद्या दिवसभर लग्नाचा विषय बंद. घरून कोणाचा फोन आला तर 'रविवारी सांगतो' एवढंच म्हण, मीही तेच म्हणते. रविवारी सकाळी दहाला मी पुनावळ्याला येते. आधी फिरायला जाऊ, नाश्ता करू, मग दोघं मिळून यादी बघू. कार्यालयवाल्याला सोमवारपर्यंत थांबायला मी सांगते. आता फोन ठेव आणि पड."

यात एकाही प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही, तरी वाचणाऱ्याचे खांदे सैल होतात. नाते धोक्यात नाही, हे त्याला कळते. निर्णय आत्ता घ्यायचा नाही, हे कळते. आणि कार्यालयवाल्याचा फोन उद्या आपल्याला घ्यायचा नाही, हेही कळते. "मला थोडं लागलं" हे वाक्य वगळायची गरज नाही. जे खरे नाही ते लिहिले, तर पुढच्या भेटीत ते बाहेर येतेच.

मेसेज तुमच्या नेहमीच्या बोलण्यासारखा असावा. एरवी "ए, जेवलास का" असे लिहिणाऱ्या माणसाने अचानक पुस्तकी भाषेत लिहिले, तर समोरचा आणखी घाबरतो. जोडीदार फार अस्वस्थ असेल, तर लिहिण्याऐवजी दोन मिनिटांचा फोन करून हेच सांगावे.

थांबण्याच्या काळात काय करावे?

विश्रांती म्हणजे लग्नाच्या विषयाला सुट्टी. एकमेकांशी बोलणे बंद करायचे नाही. "पोहोचलास का", "जेवलीस का" हे चालूच ठेवावे. विश्रांती एक ते दोन दिवसांची असावी. त्याहून लांबली, तर राहिलेली कामे डोक्यावर बसतात आणि घाबरलेल्या माणसाला टाळल्यासारखे वाटते.

या काळात शरीराला खाली आणणे महत्त्वाचे असते. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा, आणि हे पाच मिनिटे करा. श्वास सोडण्याचा काळ लांबवला, की हृदयाचे ठोके हळू होतात. दुपारनंतर चहा-कॉफी बंद ठेवा. चहातील कॅफीन शरीरातून निम्मे कमी व्हायलाच साधारण पाच-सहा तास लागतात. सेकंड शिफ्टवाल्यांनी शिफ्टच्या उत्तरार्धात चहा टाळावा. खर्चाची वही आणि लग्नाचे व्हॉट्सॲप ग्रुप झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवावेत.

भेटल्यावर काय करावे?

पहिला अर्धा तास लग्नाबद्दल बोलू नये. पवनेच्या काठाने चालायला जा किंवा टपरीवर पोहे खा. शेजारी शेजारी चालताना बोलणे सोपे जाते, कारण समोरासमोर बसून जाब विचारल्यासारखे वाटत नाही.

मग एक कागद घ्या आणि डोक्यात फिरणारी प्रत्येक गोष्ट त्यावर लिहा. तिचे तीन गट करा: या आठवड्यात ठरवायलाच हवे असे, दुसऱ्या कोणाकडे देता येईल असे, आणि सोडून दिले तरी चालेल असे. उदाहरणातील जोडप्याच्या यादीत 14 गोष्टी निघाल्या असे समजा. त्यांपैकी या आठवड्यात ठरवायच्या दोनच होत्या: पाहुण्यांचा आकडा आणि कार्यालयाचा हप्ता. बस्ता, आहेर आणि रुखवत घरच्यांकडे गेले. प्री-वेडिंग शूट आणि हळदीचा वेगळा डीजे यांवर काट मारली. खरी अडचण उरली ती 150 वाढीव पाहुण्यांची. ती दोघांच्या भांडणातून सुटणारी नव्हती, काकांशी बोलूनच सुटणार होती. म्हणून त्याने वडिलांना बरोबर घेऊन काकांशी बोलायचे, असे ठरले.

त्यापुढे लग्नाच्या चर्चेला आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा द्या, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. मध्ये आठवलेली गोष्ट कागदावर लिहून ठेवा. चिंतेला वेळ नेमून दिली, की ती दिवसभर पसरत नाही.

तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला तर?

काहींना एकदा धीर दिला की पुरते. काहींना तासाभराने पुन्हा विचारावेसे वाटते: "तू नक्की चिडली नाहीस ना?" "आपण बरोबर करतोय ना?" प्रत्येक उत्तराने थोडा वेळ बरे वाटते, पण पुढची शंका आणखी लवकर येते. खाज सुटलेली जागा खाजवण्यासारखेच हे आहे.

अशा वेळी एकदा मनापासून उत्तर द्या. पुन्हा विचारल्यास रागावू नका, पण तेच उत्तर दहा वेळा देऊही नका. "याचं उत्तर मी सकाळी दिलंय आणि ते बदललेलं नाही. आत्ता तुला भीती वाटतेय, ती थोड्या वेळाने कमी होईल. चल, तोवर खाली एक चक्कर मारू" असे म्हणता येते. यातून भीती उत्तराशिवायही ओसरते, हा अनुभव जोडीदाराला मिळतो. दिवसातून अनेकदा असेच होत असेल, तर ते चिंतेच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

भीती खरी असेल तर ती शांत करू नका

प्रत्येक भीती ताणातून येत नाही. "त्यांच्या घरच्यांनी गाडी मागितली", "तो माझा फोन तपासतो", "नोकरी सोड म्हणतात", "रागात हात उचलला" असे जोडीदार किंवा तुमची मुलगी सांगत असेल, तर लग्नाआधी सगळेच घाबरतात म्हणून ते गुंडाळू नये. हुंडाबंदीचा कायदा 1961 पासून आहे आणि हुंडा मागणे हाही त्यात गुन्हा आहे. पुनावळ्यापासून जवळ असलेल्या मुळशी तालुक्यात मे 2025 मध्ये एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि हुंड्यासाठी छळ झाल्याचा आरोप पुढे आला. त्यानंतर राज्यात लग्नातील देण्याघेण्यावर आणि खर्चावर बरीच चर्चा झाली.

फरक ओळखायला एक प्रश्न विचारा: "तुला लग्नाच्या कामांची भीती वाटते की माणसाची?" कामांची असेल, तर विश्रांती आणि यादी उपयोगी पडते. माणसाची असेल, तर लग्न पुढे ढकलणे किंवा थांबवणे हाही मार्ग आहे, मग पत्रिका वाटून झाल्या असल्या तरी. महिलांना मदतीसाठी 181 हा क्रमांक आहे.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पुढीलपैकी काही आढळल्यास फॅमिली डॉक्टरांना भेटा:

• दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडली आहे, किंवा कामावर लक्ष लागत नाही.
• अचानक धडधड, घाम, हातांना मुंग्या आणि "आता मी मरतो" अशी भीती वाटते. पॅनिक अटॅकचा जोर साधारण दहा मिनिटांत शिगेला जाऊन मग ओसरतो. पण असे पहिल्यांदाच झाले असेल, तर ईसीजी काढून घ्यावा. छातीत दाब येऊन दुखणे हात किंवा जबड्याकडे जात असेल, तर थेट रुग्णालयात जावे.
• ताण झेपावा म्हणून दारू किंवा सिगारेट वाढली आहे.
• वजन आपोआप घटते आहे, हात थरथरतात, उकडते. थायरॉइड वाढल्यावरही हुबेहूब चिंतेसारखी लक्षणे दिसतात. रक्त कमी असल्यानेही धडधड होते. साध्या रक्ततपासणीत दोन्ही कळतात.

लग्नाच्या तयारीत घेतली जाणारी काही औषधेही अस्वस्थता वाढवतात. लवकर बारीक होण्यासाठी घेतलेल्या फॅट बर्नर पावडरमध्ये पुष्कळदा भरपूर कॅफीन असते. मुहूर्तासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांनी काहींचा मूड बिघडतो आणि ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा धोका आहे त्यांना त्या चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. झोपेसाठी घरातल्या कोणाची अल्प्राझोलामची गोळी घेऊ नये, तिची सवय लागते. लग्नात हात थरथरू नयेत म्हणून कोणी सुचवलेली प्रोप्रानोलॉल दमा असणाऱ्यांना धोक्याची ठरू शकते.

"जगण्यात अर्थ नाही", "मी नसलो तर सगळ्यांची सुटका होईल" असे जोडीदार बोलला किंवा लिहिले, तर विश्रांतीचा मेसेज पाठवू नका. लगेच फोन करा, त्याला एकटे सोडू नका आणि घरच्यांना सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येते. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय या भागातील लोकांना जवळ आहे.

घरच्यांनी काय करावे?

नवरा-नवरीला एकाच कामासाठी दिवसातून चार जणांनी फोन करू नये. दोन्ही घरांतून प्रत्येकी एक माणूस ठरवा आणि सगळे निरोप त्याच्यामार्फत द्या. मुलाने किंवा मुलीने "रविवारी सांगतो" म्हटले, तर रविवारपर्यंत थांबा. आणि रात्री दहानंतर लग्नाच्या कामासाठी फोन करू नका. मुहूर्तापर्यंतच्या सहा आठवड्यांत दोघांना सर्वांत जास्त गरज असते ती झोपेची.